मुदत मागण्याची वेळ

2025 च्या मे महिन्याअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतींना नव्या तारखा देणे काही आठवडे थांबविले. जुलै सरला तरी खामगावी आमच्या कन्येला तारीख मिळेना. “प्रवेश सोडून देते,” ती म्हणाली.

“बेटा, सौदा मोडणे निराळे, मुदत मागणे निराळे,” मी म्हणालो.

वर्ग सुरू होण्यापूर्वीच तिने विद्यापीठास पत्र लिहिले. तारीख न मिळाल्याचा पुरावा जोडून जानेवारीचे सत्र मागितले. अनामत व शिष्यवृत्ती कायम राहील काय, हेही विचारले. होकार आला. अनामत राहिली, शिष्यवृत्तीसाठी मात्र पुन्हा अर्ज करावा लागला. नवा आय-ट्वेंटी जुन्याच सेविस क्रमांकावर आल्याने 350 डॉलरचे शुल्क वाचले. गप्प राहून तारीख उलटू दिली असती, तर ती नोंदच रद्द झाली असती.