एका वर्षाने पालटलेलं चिन्ह

२०२३च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीचे एक निवृत्त काका ४०१-केचं स्टेटमेंट घेऊन घरी आले. चहा निवायच्या आतच त्यांनी विचारलं, "शेअर पडले की रोखे सांभाळून घेतात, असं तूच म्हणाला होतास ना? मग दोघं एकदम कसे झोपले?" गुंतवणुकीतली जोखीम मोजणं हे माझं रोजचं काम, तरी त्या दिवशी मी गुळमुळीतच उत्तर दिलं. पूर्ण उत्तर देता आलं ते आणखी दोन वर्षांचे आकडे हाती आल्यावर.

ते आकडे असे. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकाने लाभांश धरून अनुक्रमे १८, २९, उणे १८, २६ आणि २५ टक्के परतावा दिला. अमेरिकी रोख्यांच्या ब्लूमबर्ग ॲग्रीगेट निर्देशांकाने दिला ८, उणे २, उणे १३, ६ आणि १ टक्का. मी पूर्णांक केलेत, कारण काकांना कागदावर करून दाखवायचं होतं. गंमत म्हणजे शेअरची सरासरी बरोब्बर १६ येते आणि रोख्यांची शून्य.

आता प्रत्येक वर्ष आपल्या सरासरीपासून किती दूर गेलं ते पाहायचं. शेअर: २, १३, उणे ३४, १०, ९. रोख्यांची सरासरीच शून्य असल्याने त्यांचे आकडे आहेत तसेच. मग वर्षावर्षाची जोडी गुणायची: १६, उणे २६, ४४२, ६० आणि ९. दोघं सरासरीच्या एकाच बाजूला असले की गुणाकार धन, विरुद्ध बाजूंना असले की ऋण. बेरीज ५०१. पाच वर्षं हा नमुना आहे आणि सरासरीही त्यातूनच काढली, म्हणून पाचाऐवजी चाराने भागायचं. उत्तर १२५.२५. हा कोव्हेरियन्स.

"म्हणजे जास्त की कमी?" काकांचा प्रश्न रास्त होता. या आकड्यातून सरळ कळतं ते फक्त चिन्ह: धन आहे, म्हणजे एकंदरीत दोघं एका दिशेने हलले. १२५ मोठा की छोटा, हे त्यावरून ठरत नाही, कारण त्याचं एकक 'टक्के गुणिले टक्के' असं विचित्र आहे. टक्क्यांऐवजी ०.१८, ०.२९ असे दशांश घेतले, तर तोच कोव्हेरियन्स ०.०१२५ होतो. बाजारात काहीच बदललेलं नसतं. तरीही तो टाकाऊ नाही. साठ टक्के शेअर आणि चाळीस टक्के रोखे अशा पोतडीचा एकूण चढउतार काढताना सूत्रात तोच बसतो. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेलं गणित त्यावरच उभं आहे.

नात्याचा घट्टपणा हवा असेल तर एकक काढून टाकावं लागतं. दोघांचं प्रमाण विचलन काढलं: शेअरचं १९.४, रोख्यांचं ८.३. या दोघांच्या गुणाकाराने १२५.२५ला भागलं की ०.७८ येतं. हे कोरिलेशन, आपला शाळेतला सहसंबंध गुणांक. तो उणे एक ते अधिक एक यांच्याबाहेर जात नाही. टक्के घ्या, दशांश घ्या, ०.७८च राहतो.

एक्सेलमध्ये हे करताना नवशिके हमखास एक चूक करतात: `COVARIANCE.P` घेतात, तो पाचाने भागतो, आणि विचलनासाठी `STDEV.S`, तो चाराने. मग ०.७८च्या जागी ०.६२ उमटतं. `CORREL`चं उत्तर शेजारी ठेवलं की चूक लगेच पकडता येते.

पण काकांचं उत्तर गुणाकारांच्या ओळीतच होतं. ५०१ पैकी ४४२ एकट्या २०२२चे. ते वर्ष वगळून, सरासऱ्या नव्याने काढून, उरलेल्या चार वर्षांचं कोरिलेशन काढलं तर उणे ०.८१ येतं! चिन्हच पालटलं. अर्थात चार वर्षांवरून "रोखे सांभाळतात" म्हणणंही तितकंच कच्चं आहे.

त्या वर्षी झालं काय, तर महागाई आवरायला फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जवळपास शून्यावरचा दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेला. दर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडते. त्याच दरवाढीने शेअरही खाली ओढले. मंदीच्या भीतीने शेअर पडतात तेव्हा दर बहुधा उतरतात आणि रोखे वधारतात. २०२२मध्ये दोघांना एकाच कारणाने मार बसला.

काकांच्या वहीत मी आडव्या रेषेवर शेअर, उभ्या रेषेवर रोखे धरून पाच ठिपके काढून दिले. चार उजवीकडे दाटीवाटीने, आणि एक पार खाली डाव्या कोपऱ्यात. काकांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, बोटाने तो झाकला, आणि उरलेल्या चारांकडे बराच वेळ पाहत राहिले.