तिसऱ्या फेरीला नाही म्हणताना

चिंचवड

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिसऱ्या फेरीला जायचं नाही असं तू ठरवलंस हे वाचून मला इतकं बरं वाटलं की दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. मग संध्याकाळी शैलाचा फोन आला, आणि एचआरच्या बाई दोन दिवस फोन करताहेत, तू उचलत नाहीस, हे कळलं. त्याचा रागही तितकाच आला. तू विचारलंस एवढंच, की नकार कसा कळवू. त्याचं उत्तर देतो, पण आधी माझ्या मनातलं ऐकून घे.

जाहिरात तू मला तेव्हाच पाठवली होतीस, ती आता पुन्हा वाचली. क्वालिटी इंजिनिअर, चाकण. नव्या पार्टचं डेव्हलपमेंट, एफएमईए, कंट्रोल प्लॅन, पीपॅपची फाइल तयार करणं. तू त्यासाठी रात्री जागून पीपॅपची अठरा प्रकरणं पाठ केलीस. आणि दुसऱ्या फेरीत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी त्यातलं एकही विचारलं नाही! साणंदला राहायची तयारी आहे का, गुजराती समजतं का, रात्री दोनला लाइनवरून फोन आला तर किती वेळात पोहोचशील, हे प्रश्न आले. मुलाखतीत काय विचारतात यापेक्षा काय विचारत नाहीत, त्यावरून कामाचा अंदाज येतो. तुला तो आला. तू सरळ विचारलंस, "सर, माझा दिवस नेमका कसा जाईल?" आणि त्या गृहस्थांनीही खरं सांगितलं, याबद्दल त्यांना मी मानतो. कस्टमरच्या कारखान्यात रेसिडेंट इंजिनिअर म्हणून बसायचं, काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, पगार थर्ड पार्टीच्या पेरोलवर, आणि तिसरी फेरी कस्टमरचे लोक घेणार.

तुझ्या बाबांचं म्हणणं मला शैलाकडून कळलं. क्वालिटी ती क्वालिटी, इथे बसून केली काय आणि तिथे बसून केली काय. मुक्ता, हे मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगतो, कारण बाबांना तुलाच समजावायचं आहे.

समज, कंपनीचा एक ब्रॅकेट आहे आणि एका लॉटमध्ये त्याचं भोक थोडं लहान आलं. साणंदला लाइनवर बोल्ट जात नाही, लाइन थांबते, रेसिडेंटला फोन येतो. तो धावत जातो. ट्रॉलीतले पाचशे ब्रॅकेट गो-नो-गो गेज घेऊन एकेक तपासतो, वाईट लाल ट्रेमध्ये टाकतो, चांगल्यांवर मार्करचा ठिपका देतो, फोटो काढून चाकणला पाठवतो, कस्टमरच्या सुपरवायझरची बोलणी खातो आणि रिजेक्शन नोटवर सही करतो. लाइन सुरू होते. आता भोक लहान का झालं? पंच झिजला होता, की पावडर कोटिंगचा थर जाड बसला? पहिल्या पिसाची तपासणी झाली होती का? कंट्रोल प्लॅनमध्ये ते माप दर किती पिसांना घ्यायचं लिहिलं होतं? हे सगळं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये उभं राहून शोधायचं असतं. साणंदच्या माणसाला ते दिसतसुद्धा नाही.

एट-डी रिपोर्टमध्ये आठ पायऱ्या असतात हे तुला ठाऊक आहे. फोर्डने ही पद्धत १९८७ मध्ये लिहून काढली, आणि आज आपल्याकडचा लहानातला लहान सप्लायरही ती भरतो. रेसिडेंटच्या वाट्याला त्यातली तिसरी पायरी येते: आत्तापुरतं आवरून धरा, खराब माल पुढे जाऊ देऊ नका. चौथी पायरी मूळ कारणाची, पाचवी-सहावी उपायाची, सातवी पुन्हा होऊ नये याची, आणि त्या चौघींत माणूस इंजिनिअर होतो. माझं हे मत जुनं आहे आणि ते मी भोसरीत असताना अनेकांना ऐकवलं आहे: पहिल्या दोन वर्षांत हाताला जे काम लागतं, तेच पुढे तुमच्या नावाला चिकटतं. पदाचं नाव, कंपनीचा बोर्ड, गळ्यातलं कार्ड यांनी काही होत नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला जाशील तेव्हा समोरचा विचारेल, एखाद्या दोषाचं मूळ कारण तू कसं शोधलंस ते सांग. तेव्हा तुझ्याकडे सांगायला ट्रे आणि ठिपके असतील. पगार उशिरा वाढला तर वाढला, पण हे शिकण्याचं वय पुढे ढकलता येत नाही.

रेसिडेंटचं काम हलकं आहे असं मात्र मी म्हणत नाही, आणि तूही पत्रात जो शब्द वापरलास तो पुन्हा वापरू नकोस. त्या कामाला डोकं थंड लागतं, कस्टमरची असेंब्ली आतून कळते, आणि त्यातून पुढे कस्टमरकडेच सप्लायर क्वालिटीत गेलेली चांगली माणसं मला माहीत आहेत. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं असतं, रेसिडेंट इंजिनिअर, साणंद, अकरा महिने, आणि तुला ते हवं असतं, तर मीच तुला गाडीत बसवून दिलं असतं. इथे कामाचा प्रकार, जागा आणि पगार देणारा मालक, तिन्ही बदलली आहेत. एखादी गोष्ट थोडी इकडेतिकडे असती, शिफ्ट वेगळी, रिपोर्टिंग वेगळं, तर बोलून घ्यायचं असतं. तिन्ही बदलली की ती दुसरी नोकरी झाली, आणि तिच्यासाठी तू अर्ज केलेलाच नाहीस.

एचआरच्या बाई म्हणाल्या, आधी तिकडे जॉइन हो, सहा महिन्यांत चाकणला घेऊ. हे ऑफर लेटरमध्ये लिहून द्याल का, असं तू विचारलंस, आणि तशी पद्धत नाही असं उत्तर आलं. मला तर तिथेच निकाल लागल्यासारखं वाटलं. मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा गैरसमज झाला असेल, दोन फाइली अदलाबदल झाल्या असतील, ही एक शंका राहते. ती विचारून दूर करायची असते, आणि तू ती केलीस. शाब्बास.

असं का करतात म्हणून तू फार चिडली आहेस. पुष्कळदा त्यात डाव नसतो. जुन्या भरतीचा मजकूर तसाच उचललेला असतो. मधल्या काळात चाकणची जागा आतल्या आत भरली जाते आणि साणंदची रिकामी राहते. पण रेसिडेंट म्हटलं की अर्ज येत नाहीत, म्हणून जाणूनबुजून मोठं नाव देणारेही असतात. शिवाय मधल्या कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते माणूस रुजू झाल्यावर, साधारणपणे वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तिथला मुलगा तुला "जाऊन तर ये" म्हणतोय, त्यात त्याचाही पोटाचा प्रश्न आहे. त्याच्यावर ओरडू नकोस, पण त्याचा सल्ला हा सल्ला म्हणून घेऊही नकोस.

त्या बाईंनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पगाराचा तक्ता मी चष्मा लावून दोनदा पाहिला. बेसिक १६,००० धरलं आहे आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ७७० रुपये, सीटीसीत मिळवले आहेत. काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं! ग्रॅच्युइटी मिळायला जेवढा काळ लागतो तो त्यात पूर्णच होत नाही. म्हणजे जे तुझ्या हाती येणार नाही तेही पगार म्हणून मोजलं आहे. सीटीसीचा आकडा कोणी सांगितला की हातात किती येणार आणि कोणाच्या खात्यातून येणार, हे विचारत जा.

आता बाबांचा दुसरा मुद्दा, की सरावासाठी तरी जाऊन यावं. नको. रात्रीची गाडी पकडायची, हातातल्या नोकरीतली रजा घालवायची, आणि कस्टमरच्या लोकांचा तास घ्यायचा, तोही ती नोकरी आपण घेणार नाही हे माहीत असताना. कस्टमरने एकदा पसंती दिली की सप्लायरची अडचण होते, मग दडपण वाढतं, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू भिडेला बळी पडतेस. आणि ती साणंदची जागा खरोखर हवी असलेला कोणी मुलगा रांगेत असेल. तू जितक्या लवकर बाजूला होशील तितकं त्याचं भलं.

म्हणूनच फोन न उचलण्याचा मला राग आला. त्या बाईंना तुझं नाव तिसऱ्या फेरीच्या यादीतून काढायचं आहे, त्या अडकून पडल्या आहेत. फोन उचल, दोन वाक्यांत सांग आणि लगेच मेल कर. तू पाठवलेला मसुदा दोन पानांचा आहे आणि त्यात "फसवणूक" तीनदा आली आहे. तो फाडून टाक. इंग्रजीत लिही, पण मजकूर एवढाच ठेव: दोन्ही फेऱ्यांसाठी वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. चर्चेतून कळलं की हे पद साणंद येथे रेसिडेंट इंजिनिअरचं, थर्ड पार्टी पेरोलवरचं आहे. मी अर्ज केला तो चाकणच्या नव्या पार्टच्या कामासाठी होता, म्हणून पुढच्या फेरीतून नाव मागे घेते. जाहिरातीप्रमाणे चाकणला जागा निघाल्यास अवश्य कळवावं. बस. घरची अडचण, तब्येत, लग्न, असली खोटी कारणं घालू नकोस. खरं कारण सभ्य शब्दांत लिहिलं की जाहिरात दुरुस्त करायची की नाही हे त्यांना ठरवता येतं, आणि मुलाखत घेणारे ते साहेब उद्या दुसऱ्या कंपनीत भेटले तरी तुला मान खाली घालावी लागत नाही. चाकण, भोसरी, रांजणगाव मिळून क्वालिटीतली माणसं एकमेकांना ओळखतात. मेलची प्रत कन्सल्टन्सीच्या मुलालाही दे.

यापुढे पहिल्या फोनलाच विचार: मी बसणार कुठे, पगार कोणाच्या नावाने येणार, आणि ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं म्हणून रिकामी आहे. मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीपर्यंत थांबू नकोस.

मला खरी काळजी वेगळीच आहे. शैला म्हणाली, तू रात्रीचा डबा बंद केलास आणि आकुर्डीहून चालत येतेस. कर्जाचा हप्ता या महिन्यापासून सुरू झाला ना? हातातली नोकरी रटाळ आहे म्हणतेस, पण दुसरी हाती येईपर्यंत तिचा राजीनामा देऊ नकोस, कितीही वैताग आला तरी. बाबांवर चिडू नकोस, त्यांना तुझ्या हप्त्याची धास्ती आहे आणि ती बोलून दाखवता येत नाही. मी रविवारी त्यांच्याशी बोलतो.

डबा उद्यापासून सुरू कर. पैसे कमी पडत असतील तर मला कळव. घरी सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण मला कळव.

तुझा,
मामा