चिमटा सुटला की जोडी तुटली?

‘गुणसूत्रं पेशीच्या दोन टोकांकडे सरकत आहेत. ही कोणती अवस्था?’ या प्रश्नाला तीन उत्तरं असू शकतात: मायटोसिसची ॲनाफेज, मायोसिसची पहिली ॲनाफेज आणि मायोसिसची दुसरी ॲनाफेज. मराठी माध्यमात हिलाच पश्चावस्था म्हणतात. माझी मामेबहीण सध्या नीटची तयारी करतेय आणि रविवारी फोनवर तिचा हाच वैताग असतो. “दादा, फरकाचा तक्ता मला तोंडपाठ आहे, तरी अवस्था चुकतेच.”

मी इंजिनिअरिंगचा माणूस, दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेला. पण तिचा तक्ता मागवला आणि घोळ कळला. मायटोसिसमध्ये एक विभाजन, मायोसिसमध्ये दोन. इकडे दोन पेशी, तिकडे चार. हे सगळं शेवटी काय हाती येतं त्याबद्दल आहे, आणि परीक्षेत विचारतात मधलं. कोडमध्ये बग शोधतानाही नुसतं आउटपुट बघून भागत नाही, मध्ये कुठल्या व्हेरिएबलची किंमत कधी बदलली ते बघावं लागतं. इथे अशा दोनच गोष्टींवर नजर ठेवायची.

पहिली म्हणजे जोडी. प्रत्येक गुणसूत्राची एक आवृत्ती आईकडून आलेली असते, एक बाबांकडून. मायटोसिसमध्ये या दोघी एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. मायोसिसच्या पहिल्या विभाजनात मात्र त्या जवळ येऊन जोडी लावतात. त्यामुळे वर्णनात ‘जोडी’ किंवा ‘तुकड्यांची अदलाबदल’ असे शब्द आले, की ते मायोसिसचं पहिलं विभाजन. अदलाबदल त्याच्या प्रोफेजमध्ये होते.

दुसरी गोष्ट म्हणजे चिमटा. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची झेरॉक्स निघते. मूळ आणि झेरॉक्स, म्हणजे दोन क्रोमॅटिड, सेंट्रोमिअरपाशी चिमटा लावल्यासारखे एकत्र असतात. प्रत्येक ॲनाफेजला विचारायचं, आत्ता चिमटा सुटला की जोडी तुटली?

चार गुणसूत्रांची पेशी घेऊ, म्हणजे 2n = 4. झेरॉक्स निघाली तरी चिमटे चारच असतात, म्हणून गुणसूत्रंही चारच मोजायची. क्रोमॅटिड मात्र आठ झाले.

मायटोसिसच्या ॲनाफेजमध्ये चारही चिमटे सुटतात. प्रत्येक टोकाकडे चार गुणसूत्रं जातात, सगळी एकेरी. मायोसिसच्या पहिल्या ॲनाफेजमध्ये चिमटे शाबूत राहतात आणि जोड्या तुटतात. प्रत्येक टोकाकडे दोनच गुणसूत्रं जातात, पण दुहेरी. संख्या निम्मी होते ती इथेच. त्यानंतर पुन्हा झेरॉक्स निघत नाही. दुसऱ्या ॲनाफेजमध्ये उरलेले चिमटे सुटतात आणि प्रत्येक टोकाकडे दोन एकेरी गुणसूत्रं जातात.

चार एकेरी, दोन दुहेरी, दोन एकेरी. आता तिन्ही अवस्था वेगळ्या ओळखता येतात. पण मायटोसिस आणि दुसरी ॲनाफेज यांत फरक फक्त आकड्याचा आहे, त्यामुळे मूळ पेशीत किती गुणसूत्रं होती हे प्रश्नात दिलेलंच नसेल, तर ‘चिमटा सुटला’ एवढ्यावरून दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. अशा वेळी प्रश्नात ‘बीजांडकोश’ किंवा ‘मुळाचं टोक’ असा काही धागा आहे का ते शोधायचं. मुळाच्या टोकाशी मायटोसिसच चालतं.

“पण हे परीक्षेपलीकडे कुणाला लागतं?” असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला एक कोडं घातलं. काही पुरुषांत 46 ऐवजी 47 गुणसूत्रं असतात. कुणाकडे दोन एक्स आणि एक वाय, कुणाकडे एक एक्स आणि दोन वाय. चूक कुठल्या अवस्थेत झाली?

तिने आधी दोन वायचं घेतलं. आईकडे वाय नसतंच, म्हणजे दोन्ही बाबांच्या शुक्रपेशीतून आले. बाबांकडे मुळात वाय एकच. म्हणजे हे दोन वाय त्या एकाचेच मूळ आणि झेरॉक्स असणार, चिमटा सुटूनही एकाच बाजूला गेलेले. “दुसरी ॲनाफेज!” बहुतेक वेळा तसंच असतं. क्वचित गर्भाच्या सुरुवातीच्या मायटोसिसमध्येही असं घडू शकतं.

मग दोन एक्स, एक वाय. बाबांच्या पेशीत एक्स आणि वायची जोडी पहिल्या ॲनाफेजमध्ये तुटलीच नाही, तर दोन्ही एकाच शुक्रपेशीत जातात. ती लगेच म्हणाली, “पहिली!” आणि मग थांबली. “पण दादा, जादाचा एक्स आईकडूनही आलेला असू शकतो ना? मग आईची पहिली की दुसरी, हे नुसतं मोजून कसं कळेल?”

मोजून कळत नाही. त्यासाठी ते दोन एक्स सेंट्रोमिअरपाशी सारखे आहेत की वेगळे, हे डीएनए तपासून बघावं लागतं. वेगळे असतील, तर आईची जोडीच तुटली नव्हती. सारखे असतील, तर मूळ आणि झेरॉक्स एकत्र राहिले. हे ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे प्रश्न तोच, जोडी की चिमटा.”