सत्तर खुणांचा निरोप

रेवदंडा, मे अखेर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांची बदली झाली. त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून निरोप एसएमएसनेच. इंग्रजी लिपीत एका संदेशात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त 70. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: ‘सिस्टर’ दिसायला तीन अक्षरी, भरतं सहा. सत्तरच्या पुढे गेलं की संदेशाचे दोन तुकडे होतात.

माझा मजकूर कागदावर पानभर होता. आधी ‘आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ काढलं. तेवढ्यानेच 38 जागा अडल्या होत्या, आणि ते वाक्य कुणालाही चाललं असतं. मग सेवाभाव, हसतमुखपणा गेला. ही विशेषणं त्यांच्या निरोप समारंभात झालीच होती. जानेवारीतली पोपटी मात्र काढवेना. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर शिजलेलं शेवटचं अंडं सिस्टरांनी आईच्या ताटात ठेवलं होतं.

शेवटी राहिलं ते असं: ‘सिस्टर, पोपटीतलं शेवटचं अंडं तुम्ही आईला दिलंत. आठवण राहील. या परत.’ भरलं 67. खाली नावही टाकलं नाही. अंड्यावरून त्या ओळखतीलच.