अड्यारच्या अंगणातला बारा फुटी खड्डा

आपल्याकडे पावसाची तयारी मे महिन्यात सुरू होते. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून अड्यारला माझ्या मावशीकडे ही लगबग सप्टेंबरात असते. २०१९च्या उन्हाळ्यात टँकरसाठी ताटकळलेली मावशी गेल्या वर्षी मला म्हणाली, "अगं, शोषखड्डा आहे ना आपल्याकडे, तरी गच्चीचं सगळं पाणी गेटबाहेर कसं जातं?"

खड्डा होता खरा. तमिळनाडूत २००३ साली प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं झालं, तेव्हा घाईत खणलेला. चार फूट खोल, आत विटांचे तुकडे आणि वाळू. झाकण उघडलं, तर पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी तसंच! खड्डा पाणी मुरवत नाही, याची हीच खूण.

कारण शेजारी खणल्यावर कळलं. वर सात फूट चिकणमाती आणि तिच्याखाली वाळू. जुना खड्डा चिकणमातीतच संपत होता, जणू जमिनीत पुरलेला रांजण. म्हणून तुम्हीही आधी माती पाहा, खोली मग ठरवा.

आकाराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मावशीची गच्ची ९० चौरस मीटर. तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस पडला तर २,७०० लिटर. थोडं वाया जातं, हाती सुमारे २,३०० उरतं. तीन फूट व्यासाचा, बारा फूट खोल खड्डा साधारण २,४०० लिटर धरतो. पण रिकामा असेल तरच! दगड भरले की जेमतेम ९०० ते १,००० लिटरची जागा उरते, आणि गाळ बसला तर साफ करणं अशक्य. म्हणून आम्ही आत सिमेंटच्या कड्या उतरवल्या. खालच्या कड्यांना भोकं ठेवली आणि खड्डा मोकळाच ठेवून वर मजबूत झाकण घातलं.

गच्चीचा पाइप आधी दोन फुटी गाळटाकीत येतो. पाला, माती तिथेच बसते आणि वरचं पाणी खड्ड्यात जातं. खड्डा भरला तर जादा पाण्याला बाहेरची वाट ठेवली आहे. खड्डा घराच्या पायापासून लांब घेतला, आणि तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्याही वर राहील हे पाहिलं. तळातच पाणी लागलं तर नवं पाणी मुरणार कुठे?

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी मी टॉर्च मारला. तळाची ओली वाळू दिसत होती. मावशी काही बोलली नाही. फावडं घेऊन गाळटाकी साफ करायला बसली. ते काम मात्र दर मोठ्या पावसानंतर करावंच लागतं.