पडद्याच्या फोटोतले पट्टे आणि पाकिटावरचा एक शब्द



आपल्यापैकी बऱ्याच जणी हल्ली लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन राहतात. तिथे दुकानातल्या पाकिटावरची भाषा वाचता येत नाही, म्हणून फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा आधार घ्यावा लागतो. माझी नणंद सध्या जर्मनीत लेकीकडे आहे. जावयांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर किराणा मागवायचा होता. दुकानाचे पान ब्राउझरने इंग्रजीत करून दिले, पण पाकिटामागची घटकांची यादी हा फोटो होता, तो जर्मनच राहिला. लॅपटॉप ऑफिसचा, त्यातून आपल्या फोनवर काही पाठवायची मुभा नाही. म्हणून वन्संनी फोनने पडद्याचाच फोटो काढला आणि मला पाठवला. त्यावर इंद्रधनुषी वळणावळणाचे पट्टे होते.

चीजच्या पाकिटावर छापले होते, "Milch, Speisesalz, mikrobielles Lab". दूध, मीठ आणि सूक्ष्मजीवांपासून केलेले दूध फाडणारे द्रव्य. पण नेमका तिसऱ्या शब्दावर पट्टा आला होता, त्यामुळे ॲपने नुसते "Lab" वाचले. नुसते "Lab" म्हणजे दूध फाडणारे रेनेट, आणि ते वासराच्या जठरातलेही असू शकते. "ohne Gelatine" मध्येही तसेच. "ohne" म्हणजे "विना". तेवढा शब्द पुसला गेला की अर्थ उलटा होतो. ॲप "मला नीट दिसले नाही" असे सांगेलच असे नाही. उरलेल्या अक्षरांचे भाषांतर ते नीटनेटके करून देते.

हे पट्टे का येतात? जाळीचे दोन पडदे एकावर एक धरून हलवून बघा, त्यात लाटा दिसतात. लॅपटॉपचा पडदा बारीक ठिपक्यांच्या ओळींचा असतो आणि कॅमेऱ्याच्या आतही तशाच ओळी असतात. दोन्ही जाळ्यांची वीण जवळपास सारखी दिसू लागली की लाटा उमटतात. म्हणून अंतर किंवा कोन थोडा बदलला की पट्टे बदलतात.

वन्संना मी फोनवर सांगितलेला क्रम असा.

आधी लॅपटॉपवर `Ctrl` धरून `+` दोन-तीनदा दाबायचे, म्हणजे यादी मोठी होते. पट्ट्यांची रुंदी तेवढीच राहते, अक्षरे मात्र मोठी होतात, म्हणून ती पट्ट्यात हरवत नाहीत. सगळे पान एका फोटोत घेण्याचा हट्ट नको. चार-पाच ओळींचा एक फोटो घ्यायचा आणि पुढच्या फोटोत आधीची शेवटची ओळ पुन्हा घ्यायची.

मग फोन समोर धरून दोन-चार बोटे मागे-पुढे करायचा. फोनवरच पट्टे फिके झाले की थांबायचे. तरी राहिले तर फोन किंचित तिरका करायचा, पण थोडाच. जास्त तिरका केला तर एका बाजूची अक्षरे धूसर होतात. अक्षरांवर बोट टेकवून फोकस येऊ द्यायचा आणि मग फोटो काढायचा.

आता एक वेगळा प्रकार. पट्टे रंगीत, वळणदार नसून आडवे, सरळ, काळपट असतील आणि फोन स्थिर असतानाही सरकत असतील, तर ते जाळीचे नव्हेत. पडद्याचा उजेड डोळ्याला न कळता लुकलुकत असतो, त्याचे ते पट्टे. त्याला फोन हलवून उपयोग नाही. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण वाढवायची. पुष्कळ पडदे मंद उजेडातच जास्त लुकलुकतात.

फोटो काढला की दोन बोटांनी मोठा करून पाहा. कधीकधी छोट्या आकारात दिसणारे पट्टे मोठे केल्यावर नाहीसे होतात. ते फोटोत नसतातच, फोनच्या पडद्यावरचा भास असतो. मोठे केल्यावरही राहिले तर ते खरे, आणि फोटो पुन्हा काढायचा. नंतर रंग किंवा उजेड बदलून पट्ट्याखालचे अक्षर परत येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो.

वन्संच्या दुसऱ्या फोटोत "mikrobielles" पूर्ण वाचता आले. "Käse" वरचे दोन ठिंबेही दिसले. ठिंब्यांसारख्या बारीक खुणा दिसल्या की समजावे, फोटो भाषांतराच्या लायकीचा आहे.

खात्रीसाठी एकाच यादीचे दोन फोटो थोड्या वेगवेगळ्या अंतरावरून काढा आणि दोन्हींचे भाषांतर ताडून बघा. जिथे फरक पडेल तो शब्द मूळ पडद्यावर एकेक अक्षर वाचून ॲपमध्ये हाताने टाइप करा. तोवर ते पाकीट टोपलीत टाकू नका.