वहीतली अमानत

रायगडच्या किनाऱ्यावरच्या शाळांतून मी समुपदेशक म्हणून फिरते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची गावं लहान. वर्गशिक्षिका एखाद्या मुलाची मामी असते, शिपाई दुसऱ्याच्या मोहल्ल्यातला. इथे टेबलावर उघडी राहिलेली वही मगरिबच्या आधी घरोघरी पोचते. म्हणून छळ होणाऱ्या मुलाविषयी काय लिहायचं आणि त्यातलं कुणाला सांगायचं, हा प्रश्न माझ्या कामात रोजचाच आहे.

एक उदाहरण देते. मूल ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातवीतला मुलगा, वालिद आखातात नोकरीला. दोन मुलं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ त्याचा डबा सांडतात आणि संध्याकाळी एसटीत मागच्या सीटवर त्याला चिमटे काढतात. बोलता बोलता त्याने हेही सांगितलं की वालिद परत गेल्यापासून रात्री त्याचं अंथरूण ओलं होतं. मग म्हणाला, "टीचर, हे कुणाला सांगू नका."

"कुणालाच सांगणार नाही" असं वचन मी देत नाही. पहिल्याच भेटीत सांगते, "तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, तर मला सांगावं लागेल. पण कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला कळेल."

नंतर मी दोन वेगळे कागद लिहिते. पहिला माझ्या कुलूपबंद कपाटातला. त्यावर तारीख, वेळ, आणि मुलाचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे. मी पाहिलेलं वेगळ्या ओळीत: "डाव्या दंडावर साधारण नाण्याएवढा निळा डाग. कारण विचारल्यावर म्हणाला, 'एसटीत चिमटा काढला.'" डागाचा फोटो मी स्वतःच्या मोबाइलवर काढत नाही. माझा अंदाज लिहायचाच असेल, तर त्यापुढे "अंदाज" असं लिहिते. "मुलगा भित्रा आहे", "घरात वातावरण ठीक नाही" अशी वाक्यं लिहीत नाही. ती कुणी पाहिलेली नसतात, आणि वर्षानुवर्षं मुलाला चिकटतात. त्रास देणाऱ्यांची नावंही या कागदावर नसतात, "क" आणि "ख" असतात. कोण ते दुसऱ्या वहीत. इथे आद्याक्षरंसुद्धा पुरत नाहीत, वर्गात त्या अक्षराचा एकच मुलगा असतो. चूक झाली तर खाडाखोड नाही. एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख.

दुसरा कागद मुख्याध्यापकांसाठी. तो लिहिताना मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: हे कळल्याने वाचणारा मुलाच्या बचावासाठी वेगळं काय करेल? या मुलाच्या बाबतीत चार ओळी उरल्या: "मधल्या सुट्टीत टाकीजवळ आणि संध्याकाळच्या एसटीत दोन मुलांकडून त्रास, सुमारे तीन आठवडे. नावं तोंडी सांगितली आहेत. उद्यापासून टाकीजवळ एक शिक्षक, थांब्यावर एक शिक्षक, आणि मुलाला पुढची सीट मिळावी अशी विनंती. पुढच्या सोमवारी आढावा." अंथरुणाची गोष्ट त्यात नाही, कारण ती कळल्याने टाकीजवळचा पहारा बदलत नाही, उलट स्टाफरूममधून ती वर्गात पोचली, तर छळाला नवं हत्यार मिळतं. अम्मीला मात्र ती सांगायला हवी होती, कारण डॉक्टरकडे तीच नेणार. मुलाला तसं समजावलं, आणि अम्मीला त्याने स्वतःच सांगितलं. मी शेजारी बसले होते.

हा कागद व्हॉट्सॲपवर जात नाही. हातोहात दिला जातो, आणि कुणाला, कधी दिला हे माझ्या वहीत लिहिलं जातं. "क"च्या पालकांना त्यांच्या मुलाने काय केलं ते सांगायचं. छळ सोसणाऱ्याचा कागद दाखवायचा नाही. म्हणून "क"विषयीची नोंद वेगळ्या पानावर असते.

काही बाबतीत मात्र हा हिशेब लागू होत नाही. मूल जीव देण्याचं बोललं, तर त्याच दिवशी पालकांना सांगायचं आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. छळात कपडे काढणं, गुप्तांगाला हात लावणं किंवा तसा व्हिडिओ काढणं आलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ लागतं. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट पाहायची नाही. शाळेची बदनामी हे कारण तिथे चालत नाही, कळवलं नाही तर शिक्षा आहे. अशा वेळी मी मुलाला तपशिलासाठी पुन्हा पुन्हा विचारत नाही. पहिल्यांदा जे बोललं तेवढंच लिहिते. पुढची विचारपूस पोलिसांचं काम. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

नोंद बरी झाली का, हे सोमवारी कळतं. टाकीजवळ शिक्षक उभे आहेत आणि मुलाचं गुपित कुणाच्या तोंडी नाही, तर दोन्ही कागद नीट लिहिले गेले. शिक्षक उभे नाहीत, तर दुसरा कागद मोघम होता. गुपित बाहेर आलं, तर तो लांब झाला होता.